पेशीचं 'सेल्फ-डिस्ट्रक्ट' बटण : अपोप्टोसिस म्हणजे काय आणि कॅन्सर ते कसं जॅम करतो?

आईच्या पोटात असताना, साधारण सातव्या-आठव्या आठवड्यापर्यंत, तुमच्या बोटांच्या मधे बदकाच्या पायासारखा पडदा होता. तो कोणी कापला नाही, झिजलाही नाही. त्या पडद्यातल्या पेशींना मरण्याचा निरोप मिळाला आणि त्या मेल्या, म्हणून आज तुमचा अंगठा स्क्रीनवर मोकळा फिरतोय. पेशींच्या या ठरवून मरण्याला अपोप्टोसिस म्हणतात.

हे फक्त गर्भातच होतं असं नाही. तुमच्या शरीरात रोज अब्जावधी पेशी अशाच मरतात आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. आतड्याच्या आतल्या थरातली पेशी चार-पाच दिवसांत जाते. एखाद्या इन्फेक्शनशी लढायला तयार झालेल्या पांढऱ्या पेशी काम संपलं की जातात. जिच्या डीएनएची मोडतोड झालीय आणि दुरुस्ती जमत नाहीये, ती पेशीही जाते. जायला हवी अशी पेशी जायला तयार नसेल, तर कॅन्सरची एक वाट उघडते. ही वाट नेमकी कशी उघडते, हे या लेखात एकाच प्रोटीनच्या गोष्टीतून बघू. त्या प्रोटीनचं नाव बीसीएल-२.

मरणं दोन प्रकारचं

फोन बंद होण्याचे दोन प्रकार डोळ्यासमोर आणा. एकात तुम्ही पॉवर बटण दाबता, अॅप्स एकेक करून बंद होतात, डेटा सेव्ह होतो, स्क्रीन काळी होते. दुसऱ्यात बॅटरी फुगून फुटते आणि खिशाला भोक पडतं. पेशींचंही तसंच आहे. भाजल्यावर किंवा रक्तपुरवठा तुटल्यावर पेशी फुगते, फुटते, आतला मालमसाला बाहेर सांडतो आणि आजूबाजूला सूज येते. याला नेक्रोसिस म्हणतात. अपोप्टोसिसमध्ये पेशी फुगत नाही, आकसते. आतला डीएनए पद्धतशीर कापला जातो, पेशीचे पिशवीबंद छोटे तुकडे होतात आणि शेजारच्या पेशी किंवा सफाई करणाऱ्या पांढऱ्या पेशी ते गिळून टाकतात. सांडलवंड नाही, सूज नाही.

हा फरक मायक्रोस्कोपखाली बघून त्याला नाव देणारे तिघे होते : ऑस्ट्रेलियाचे जॉन केर, आणि स्कॉटलंडमधल्या अॅबर्डीनचे अँड्र्यू वायली आणि अॅलिस्टर करी. १९७२ साली त्यांचा पेपर आला. नाव सुचवलं तिथल्याच ग्रीक भाषेच्या एका प्राध्यापकांनी. ग्रीकमध्ये या शब्दाचा अर्थ होतो पानगळ, झाडावरून पानं गळून पडणं. शब्द छान होता, पण पुढची बरीच वर्षं फार कोणी लक्ष दिलं नाही. पेशी मरते यात काय विशेष, असाच सगळ्यांचा सूर होता.

तो बदलला एका मिलिमीटरभर लांबीच्या किड्यामुळे. सी. एलिगन्स नावाच्या या पारदर्शक किड्यात वाढीदरम्यान १०९० पेशी तयार होतात आणि त्यातल्या बरोब्बर १३१ मरतात. प्रत्येक किड्यात त्याच १३१, ठरलेल्या वेळी. म्हणजे हा अपघात नाही, प्रोग्रॅम आहे, आणि प्रोग्रॅम असेल तर त्याचा कोड जनुकांमध्ये लिहिलेला असणार. रॉबर्ट हॉर्विट्झ यांच्या टीमने ती जनुकं शोधून काढली. यातलं एक जनुक मरण थांबवणारं होतं आणि ते बिघडलं की नको त्या पेशीही मरायच्या. त्याचा माणसातला भाऊबंद म्हणजेच आपलं बीसीएल-२. दोघांत इतकं साम्य आहे की १९९२ मध्ये माणसाचं बीसीएल-२ या किड्यात टाकून बघितलं, तर किड्याच्या पेशींचं मरणही कमी झालं. या किड्यावरच्या कामासाठी हॉर्विट्झ, सिडनी ब्रेनर आणि जॉन सल्स्टन यांना २००२ चं नोबेल मिळालं.

बटण दाबल्यावर आत काय होतं

शाळेत मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीचं पॉवरहाउस असं पाठ केलं असेल. ते खरंच आहे, पण अर्धंच. पेशीच्या मरणाचा निर्णयही बहुतेक वेळा याच पॉवरहाउसच्या भिंतीवर होतो.

या भिंतीजवळ तीन प्रकारची प्रोटीनं वावरत असतात. पहिलं बॅक्स. त्याचं काम भिंतीला भोकं पाडणं. दुसरं आपलं बीसीएल-२, जे बॅक्सला धरून ठेवतं आणि भोकं पाडू देत नाही. तिसरा प्रकार म्हणजे निरोपे. पेशीत काहीतरी गंभीर बिघडलं की ही प्रोटीनं तयार होतात. त्यातल्या एकाचं नाव बिम, दुसऱ्याचं प्यूमा.

बीसीएल-२ च्या अंगावर एक लांबट खाच असते. बॅक्सला ते याच खाचेत पकडतं. आणि बिम किंवा प्यूमाही नेमके त्याच खाचेत बसतात. पेशी धडधाकट असताना बिम थोडंच असतं, ते एखाद-दुसऱ्या खाचेत बसून गप्प राहतं. पेशीला मार बसला की बिम-प्यूमा भराभर वाढतात, सगळ्या खाचा भरून टाकतात आणि बीसीएल-२ कडे बॅक्सला धरायला जागाच उरत नाही. शिवाय उरलेलं बिम बॅक्सला डिवचून कामाला लावतं. म्हणजे इथे कुठलंही एकच चालू-बंद बटण नाही. खाचा जास्त की निरोपे जास्त, या हिशोबावर सगळं ठरतं. पुढची अख्खी गोष्ट या हिशोबाचीच आहे, त्यामुळे एवढं लक्षात ठेवा.

हिशोब बिघडला की बॅक्सचे रेणू एकत्र येऊन भिंतीला भोकं पाडतात. आतून सायटोक्रोम सी नावाचं प्रोटीन बाहेर येतं. एरवी हे बिचारं ऊर्जा बनवण्याच्या साखळीत इलेक्ट्रॉन पुढे देण्याचं काम करत असतं. १९९६ मध्ये शाओदोंग वांग यांच्या लॅबने जेव्हा सांगितलं की हेच प्रोटीन बाहेर पडून पेशीला मारतं, तेव्हा अनेकांना ते पटेना. पण ते खरं निघालं. एका पेशीत ही गळती सुरू झाली की पाचेक मिनिटांत सगळं सायटोक्रोम सी बाहेर आलेलं असतं.

बाहेर आल्यावर ते एका दुसऱ्या प्रोटीनला चिकटतं, आणि अशा सात जोड्या मिळून एक चक्र बनतं. या चक्रावर कॅस्पेज नावाच्या कात्र्या चालू होतात. आधी एक कात्री, कॅस्पेज-९, आणि ती कॅस्पेज-३ च्या असंख्य कात्र्या उघडते. या कात्र्या पेशीत आधीपासूनच असतात, फक्त लॉक केलेल्या. त्या उघडल्या की शेकडो प्रोटीनं कापत सुटतात. पेशीचा आतला सांगाडा कापला जातो म्हणून ती आकसते. डीएनए कापणाऱ्या एन्झाइमला झाकणासारखं एक प्रोटीन धरून असतं, ते झाकण कापलं जातं आणि मग डीएनएचेही तुकडे पडतात.

शेवटचं काम जाहिरातीचं. पेशीच्या आवरणाच्या आतल्या बाजूला फॉस्फॅटिडिलसेरीन नावाची एक चरबी असते, आणि ती आतच राहावी म्हणून पेशी सतत ऊर्जा खर्च करते. कॅस्पेज ही यंत्रणा तोडतं आणि ती चरबी बाहेरच्या बाजूला दिसू लागते. सफाई पेशींसाठी ही 'मला गिळा' अशी पाटीच असते. लॅबमध्ये एखादी पेशी अपोप्टोसिसने मरतेय का हे बघायचं असेल, तर याच चरबीला चिकटणारं चमकतं प्रोटीन टाकतात. पेशी चमकली आणि तिचं आवरण अजून शाबूत आहे, म्हणजे अपोप्टोसिस सुरू झालाय. आवरणच फाटलेलं असेल तर मात्र ती कशाने मेली हे नुसत्या चमकण्यावरून सांगता येत नाही.

एक चुकलेलं कट-पेस्ट

आता कॅन्सरकडे येऊ. फॉलिक्युलर लिम्फोमा नावाचा एक कॅन्सर आहे. मान, काख, जांघ अशा ठिकाणच्या लसिका ग्रंथींमध्ये तो होतो, बहुधा उतारवयात. बीसीएल-२ चं नावच या कॅन्सरवरून आलंय. बी-सेल लिम्फोमामध्ये सापडलेलं दुसरं जनुक, म्हणून बीसीएल-२.

सुरुवात मात्र ग्रंथीत नाही, हाडाच्या आतल्या बोन मॅरोत होते. तिथे बी पेशी तयार होतात. या पेशी अँटिबॉडी बनवतात आणि प्रत्येक पेशीची अँटिबॉडी वेगळी असते. एवढी विविधता आणायला बी पेशी एक धाडसी उद्योग करते. १४ नंबरच्या गुणसूत्रावर अँटिबॉडीच्या जनुकाचे अनेक तुकडे रांगेत असतात. पेशी स्वतःचाच डीएनए कापते, मधला भाग टाकून देते आणि निवडलेले तुकडे जोडते. आपल्याच डीएनएवर कात्री चालवणाऱ्या पेशी शरीरात फार नाहीत.

कधीतरी त्याच क्षणी १८ नंबरचं गुणसूत्रही बीसीएल-२ च्या जनुकाजवळ तुटलेलं असतं. दुरुस्ती करणारी यंत्रणा गोंधळते आणि १४ चं टोक १८ च्या टोकाला चिकटवून टाकते. फॉलिक्युलर लिम्फोमाच्या सुमारे ८५ टक्के पेशंटमध्ये ही अदलाबदल सापडते. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये योशिहिदे त्सुजिमोतो आणि कार्लो क्रोचे यांनी १९८४ मध्ये हाच जोड शोधला आणि त्यातून बीसीएल-२ सापडलं.

यात बीसीएल-२ चं प्रोटीन बिघडत नाही, हे मला या सगळ्यातलं सगळ्यात विलक्षण वाटतं. कोड तोच. फक्त त्याचा पत्ता बदलला. १४ नंबरवर अँटिबॉडीच्या जनुकाशेजारी एक जोरदार स्विच असतो, कारण बी पेशीला अँटिबॉडी भरपूर बनवायची असते. बीसीएल-२ आता त्या स्विचच्या शेजारी येऊन बसलं, आणि स्विच चालूच राहिला. परिणाम काय, तर पेशीत बीसीएल-२ चा ढीग. वर सांगितलेला हिशोब आठवा : खाचा इतक्या की निरोपे कितीही आले तरी भरतच नाहीत.

पण मग ही पेशी वेगाने वाढते का? नाही. ही गोष्ट १९८८ मध्ये मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलायझा हॉल इन्स्टिट्यूटमध्ये कळली. डेव्हिड व्हॉ तेव्हा तिथे पीएचडी करत होते. त्यांनी उंदराच्या अशा पेशी घेतल्या ज्यांना जगायला एक वाढ-घटक सतत लागतो. तो काढून घेतला की साध्या पेशी मरायच्या. बीसीएल-२ भरलेल्या पेशी मात्र मेल्या नाहीत. आणि वाढल्याही नाहीत, नुसत्या टिकून राहिल्या. तोवर कॅन्सरची जी जनुकं माहीत होती ती सगळी पेशीला 'वाढ, वाढ' म्हणणारी होती, म्हणजे गाडीचा अॅक्सिलरेटर अडकल्यासारखी. इथे पहिल्यांदाच असं जनुक सापडलं जे वाढवत काहीच नाही, फक्त मरू देत नाही.

न मेल्याने कॅन्सर कसा होतो

नुसतं न मरणं म्हणजे कॅन्सर नव्हे. याचा पुरावा चक्क निरोगी माणसांच्या रक्तात आहे. १४ आणि १८ ची ही अदलाबदल झालेल्या थोड्याशा पेशी कितीतरी धडधाकट प्रौढांच्या रक्तात सापडतात आणि त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर लिम्फोमा होत नाही.

पुढे काय घडतं ते लसिका ग्रंथीत. इन्फेक्शन झालं की ग्रंथी सुजते, आपण म्हणतो गाठ आली. त्या गाठीच्या आत बी पेशींची कडक परीक्षा चाललेली असते. पेशी आपल्या अँटिबॉडीच्या जनुकात मुद्दाम छोटे बदल करतात, आणि ज्यांची अँटिबॉडी जंतूला घट्ट चिकटेल त्यांनाच जगण्याचा सिग्नल मिळतो. बाकीच्यांना जायचं असतं, आणि नापास होणाऱ्याच जास्त. म्हणूनच परीक्षेपुरतं या पेशी स्वतःचं बीसीएल-२ बंद ठेवतात, म्हणजे नापास झाली की लगेच मरता यावं.

आपल्या चुकलेल्या पेशीचं बीसीएल-२ बंद होतच नाही. ती नापास होते आणि तरी जगते. पुढच्या इन्फेक्शनला पुन्हा परीक्षेला बसते, पुन्हा डीएनएमध्ये बदल, पुन्हा नापास, पुन्हा जिवंत. असं वर्षानुवर्षं. प्रत्येक फेरीत डीएनएमध्ये नव्या चुका जमत जातात, आणि कधीतरी त्यातली एखादी चूक वाढीचा अॅक्सिलरेटर दाबणारी निघते. उंदरांवरही हे दिसलंय. नुसतं बीसीएल-२ जास्त असलेल्या उंदरांना लिम्फोमा उशिरा आणि थोड्यांनाच होतो. त्याच्या जोडीला मिक नावाचं वाढवणारं जनुक दिलं, तर फार लवकर होतो.

याच गोष्टीचा डॉक्टरांना रोजच्या कामात उपयोग होतो. समजा कोणाच्या मानेतली गाठ कमी होत नाहीये म्हणून तिचा तुकडा तपासायला पाठवला. साध्या इन्फेक्शनची गाठ आणि फॉलिक्युलर लिम्फोमाची गाठ, दोन्हीत पेशींचे गोल-गोल पुंजके दिसतात आणि नुसत्या नजरेने फसायला होतं. मग पॅथॉलॉजिस्ट बीसीएल-२ वर तपकिरी रंग चढवणारा स्टेन वापरतात. साध्या गाठीत पुंजक्याचा मधला भाग कोरा राहतो, कारण परीक्षेला बसलेल्या पेशींनी बीसीएल-२ बंद केलेलं असतं. लिम्फोमात बहुतेकदा तो अख्खा भाग तपकिरी होतो. अर्थात एवढ्यावरच निदान होत नाही, कारण हे जनुक न बदललेले थोडे पेशंटही असतात आणि त्यांचा पुंजका कोरा राहू शकतो.

हा एक मार्ग झाला, पण मरण टाळायचा तो एकमेव नाही. सगळ्यात जास्त वापरला जाणारा मार्ग म्हणजे पी५३ नावाचं प्रोटीन मोडून टाकणं. डीएनएला इजा झाली की हेच प्रोटीन प्यूमासारखे निरोपे तयार करवतं, आणि साधारण निम्म्या कॅन्सरमध्ये ते बिघडलेलं सापडतं. म्हणजे निरोप पाठवणारंच गप्प. काही कॅन्सर बीसीएल-२ ऐवजी त्याच्या भावंडांचा साठा करतात, त्यातलं एमसीएल-१ पुढे येणार आहे.

पी५३ बिघडण्याचा एक वाईट परिणाम औषधांवर होतो. बरीचशी जुनी केमोथेरपी आणि रेडिएशन पेशीला थेट ठार मारत नाहीत. ते डीएनएला इजा करतात आणि मग पेशीने स्वतः बटण दाबावं अशी अपेक्षा असते. पी५३ नसेल तर इजा होते, पण बटण कोणी दाबत नाही.

खाचेत बसणारं औषध

इथून औषधाची कल्पना निघते. निरोपे खाचेत बसतात ना, मग बिमसारखंच खाचेत बसणारं औषध बनवलं तर? पी५३ असो वा नसो, बीसीएल-२ ची खाच भरली की बॅक्स मोकळं.

कल्पना सोपी, काम अवघड. औषधाचे छोटे रेणू सहसा एन्झाइमच्या खोल खड्ड्यात बसतात. ही खाच लांब आणि उथळ, तिच्यात छोटा रेणू टिकणं कठीण. अमेरिकेतल्या अॅबट कंपनीत स्टीफन फेसिक यांच्या टीमने आधी खाचेचा आकार नीट मोजला, मग खाचेच्या एकेका कोपऱ्यात सैलसर बसणारे छोटे तुकडे शोधले आणि ते जोडून मोठा रेणू बनवला. २००५ मध्ये पहिला चांगला रेणू जाहीर झाला.

त्याच्या पुढच्या आवृत्तीने, नॅव्हिटोक्लॅक्सने, पेशंटमध्ये कॅन्सर कमी केला, पण रक्तातल्या प्लेटलेट भराभर खाली आल्या. कारण मजेदार आहे. हे औषध बीसीएल-२ सोबत त्याच्या बीसीएल-एक्सएल नावाच्या भावंडाच्या खाचेतही बसायचं. प्लेटलेटला केंद्रक नसतं, ती नवं काही फारसं बनवू शकत नाही. तिच्यात सुरुवातीला जेवढं बीसीएल-एक्सएल असतं ते हळूहळू संपतं आणि आठ-दहा दिवसांनी ती जाते. म्हणजे ते तिचं घड्याळच. औषधाने ते घड्याळ एकदम पुढे ढकललं.

मग रेणूत बदल करून फक्त बीसीएल-२ च्या खाचेत बसणारं औषध बनवलं. ते व्हेनेटोक्लॅक्स. एप्रिल २०१६ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली ती सीएलएल नावाच्या रक्ताच्या कॅन्सरसाठी, आणि तेही सुरुवातीला ज्यांच्या १७ नंबरच्या गुणसूत्राचा तुकडा गेलाय अशा पेशंटसाठी. पी५३ चं जनुक त्याच तुकड्यावर असतं, त्यामुळे या पेशंटवर साधी केमो फारशी चालत नव्हती. सीएलएलमध्ये बीसीएल-२ वाढण्याचं कारण वेगळं आहे : १३ नंबरच्या गुणसूत्राचा जो छोटा भाग बऱ्याचदा हरवतो, त्यावर बीसीएल-२ ला दाबून ठेवणारे दोन चिमुकले आरएनए असतात.

आता साहजिक प्रश्न येईल की बीसीएल-२ साध्या पेशींतही असतं, मग त्या का मरत नाहीत? उत्तर पुन्हा हिशोबात. निरोगी पेशीत बिम थोडंच असतं. तिच्या खाचा औषधाने भरल्या तरी मोकळं व्हायला फारसं कोणी आत नसतं. कॅन्सरच्या पेशीत मात्र डीएनएच्या चुका, नियमबाह्य वाढ यामुळे निरोपे कधीचे येऊन बसलेले असतात, हजारोंनी, प्रत्येक जण एका खाचेत अडकलेला. औषध आलं की हे सगळे एकदम बाहेर पडतात आणि बॅक्सवर तुटून पडतात. बॉस्टनच्या डॅना-फार्बर इन्स्टिट्यूटमधल्या अँथनी लेटाय यांनी अशा पेशींना मरणाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या पेशी मानलं. लॅबमध्ये ते पेशींना बिमसारखे तुकडे देऊन मायटोकॉन्ड्रिया किती लवकर गळते हे मोजतात. त्यावरून ती पेशी उंबरठ्याच्या किती जवळ आहे हे कळतं.

औषध इतकं चाललं की त्यातूनच संकट आलं. सुरुवातीच्या चाचण्यांमध्ये कॅन्सरच्या पेशी काही तासांत इतक्या संख्येने मेल्या की सफाई यंत्रणेला झेपेना. पेशींमधलं पोटॅशियम, फॉस्फेट आणि डीएनएपासून बनणारं युरिक अॅसिड रक्तात लोटलं. किडनी बंद पडू शकते, पोटॅशियममुळे हृदयाचा ठोका चुकतो. यात पेशंट दगावलेही. म्हणून सीएलएलमध्ये आता पहिल्या आठवड्यात रोज फक्त २० मिलिग्रॅम देतात, मग दर आठवड्याला ५०, १००, २०० आणि पाचव्या आठवड्यात ४००. सोबत भरपूर पाणी, युरिक अॅसिडचं औषध आणि वेळोवेळी रक्ततपासणी.

एक गंमत मात्र आहे. ज्या फॉलिक्युलर लिम्फोमाने बीसीएल-२ दाखवून दिलं, त्यात एकटं व्हेनेटोक्लॅक्स सीएलएलइतकं चालत नाही. पेशीत बीसीएल-२ भरपूर आहे म्हणून ती त्याच्यावरच अवलंबून आहे असं होत नाही. शेजारी भावंडं असतील तर बिम तिकडे जाऊन बसतं.

एक छोटं विषयांतर : 'हळदीने कॅन्सर पेशी मरतात'

हा फॉरवर्ड तुम्हाला आला असेलच. तो पूर्ण खोटा नाही, हीच अडचण आहे. हळदीतल्या कर्क्युमिनने बशीतल्या कॅन्सर पेशींमध्ये अपोप्टोसिस होतो, असे कितीतरी पेपर आहेत. पण बशीत पुरेसा डोस दिला तर हे असंख्य पदार्थांनी होतं. प्रश्न दोन विचारायचे. एक, तेवढं प्रमाण रक्तातून गाठीपर्यंत पोहोचतं का? कर्क्युमिन आतड्यातून फार कमी शोषलं जातं आणि शोषलेलं लिव्हर पटकन बदलून टाकतं. दोन, त्याच डोसला निरोगी पेशीही मरतात का? नॅव्हिटोक्लॅक्सचं आणि प्लेटलेटचं काय झालं ते वर वाचलंच. आमटीत हळद घाला, पण चालू असलेली ट्रीटमेंट तिच्यासाठी सोडू नका.

कॅन्सर पुन्हा निसटतो तो कसा

व्हेनेटोक्लॅक्स घेणाऱ्या काही सीएलएल पेशंटमध्ये दोन-तीन वर्षांनी आजार परत येतो. २०१९ मध्ये मेलबर्नच्याच संशोधकांनी अशा काही पेशंटच्या पेशी तपासल्या आणि बीसीएल-२ मध्ये एक बदल सापडला. प्रोटीनच्या साखळीतल्या १०१ नंबरच्या जागी ग्लायसीनऐवजी व्हॅलीन आलेलं. व्हॅलीन आकाराने मोठं, त्यामुळे खाचेचा आकार किंचित बदलतो. औषधाची पकड शंभरपटीहून जास्त सैल होते, पण बिम मात्र खाचेत पहिल्यासारखंच बसतं. म्हणजे पेशीचं संरक्षण कायम आणि औषध बाहेर. गंमत म्हणजे हा बदल पेशंटच्या सगळ्या कॅन्सर पेशींमध्ये नव्हता. काहींमध्येच होता, त्यामुळे बाकीच्या दुसऱ्या वाटांनी निसटल्या असणार.

त्यातली एक वाट म्हणजे एमसीएल-१. बीसीएल-२ च्या खाचा औषधाने भरल्या की पेशी हे भावंड वाढवते आणि सुटलेलं बिम त्याच्या खाचेत अडकवते. मग त्याच्याही खाचेत बसणारी औषधं बनवली गेली आणि लॅबमध्ये ती चांगली चालली. पण पेशंटमधल्या चाचण्यांमध्ये काहींच्या रक्तात ट्रोपोनिन वाढलेलं दिसलं. हार्ट अटॅकच्या संशयात जी तपासणी करतात, ती याच ट्रोपोनिनची. हृदयाच्या स्नायूपेशी जन्मभर टिकायच्या असतात, आणि त्यांना जिवंत ठेवण्यात एमसीएल-१ चा मोठा वाटा असतो. म्हणून त्यातल्या काही चाचण्या थांबवाव्या लागल्या. कॅन्सरच्या पेशीतलं एमसीएल-१ अडवायचं आणि हृदयातलं सोडायचं, हे करणारा रेणू अजून कोणाच्या हाती लागलेला नाही.